काच मजबूत झाली, मग बिल का वाढलं?

नोकरी लागून पाच महिने झाले होते. २०१९चा डिसेंबर. पहिल्यांदाच स्वतःच्या पैशांनी, म्हणजे खरं तर स्वतःच्या हप्त्यांवर, मी एक भारी फोन घेतला. ३४ हजारांचा. दोन्ही बाजूंची काच कडेला खाली वळलेली, ज्याला आपण सगळे 'कर्व्ह्ड' म्हणतो. हातात घेतला की स्क्रीन कुठे संपते आणि फोन कुठे सुरू होतो तेच कळायचं नाही. फेब्रुवारीत एका रात्री हिंजवडीतल्या भाड्याच्या फ्लॅटचा जिना चढत होतो. हेल्मेट काढताना शर्टाच्या खिशातला फोन निसटला आणि कडाप्प्याच्या पायरीवर आडवा पडला, डाव्या कडेवर. आवाज अगदी किरकोळ होता. उचलून बघितला तर डाव्या कडेच्या मध्यापासून निघालेली एक लांब रेघ वळत वळत समोरच्या कॅमेऱ्यापर्यंत गेली होती.

बुधवार पेठेत एका दुकानात गेलो. दुकानदाराने फोन दिव्याखाली धरला, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "दादा, फ्रेमसकट डिस्प्ले बदलावा लागेल. सोळा हजार."

"नुसती काच नाही का बदलता येणार?"

"फ्लॅट असता तर केलं असतं. हा एजवाला आहे. काच काढताना डिस्प्ले गेला तर जबाबदारी तुमची."

फोनचे चार हप्ते अजून बाकी होते. त्याच महिन्यात साताऱ्यात बाबांचा फोन स्कूटरवरून रस्त्यावर पडला. ९ हजारांचा, प्लॅस्टिकच्या बॉडीचा, सपाट काचेचा फोन. त्याचीही काच फुटली. तिथल्या दुकानात अर्ध्या तासात 'कॉम्बो', म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र, १,७०० रुपयांत बदलून मिळाला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. फोनवर ते एवढंच म्हणाले, "जास्त पैसे दिले की वस्तू जास्त टिकते असं आम्हाला वाटायचं."

ते वाक्य मला लागलं. कारण माझ्या फोनच्या खोक्यावर काचेच्या नव्या पिढीचं नाव अभिमानाने छापलेलं होतं, आणि बाबांच्या फोनवर काहीच नव्हतं. काच दर दोन वर्षांनी मजबूत होत असेल, तर ती फुटण्याचं बिल वाढतं कसं? त्या प्रश्नामागे लागलो आणि थेट १९५२ सालापर्यंत जाऊन पोहोचलो.

बिघडलेली भट्टी

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचं गाव आहे, आणि त्याच नावाची काच बनवणारी कंपनी. तिथे डॉन स्टूकी नावाचे रसायनशास्त्रज्ञ १९५२मध्ये लिथियम असलेल्या एका काचेचा तुकडा भट्टीत तापवत होते. तापमान ६०० अंश सेल्सियस ठेवायचं होतं, पण भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि ते ९०० अंशांवर गेलं. काचेचं पाणी झालं असणार असं समजून त्यांनी दार उघडलं, तर आत दुधी रंगाची घट्ट पाटी होती. चिमट्याने बाहेर काढताना ती निसटून जमिनीवर पडली आणि फुटली नाही.

झालं असं होतं की जास्त उष्णतेमुळे काचेच्या आत अतिसूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. साध्या काचेत अणूंची काही ठरावीक रचना नसते, त्यामुळे एकदा तडा सुरू झाला की त्याला अडवणारं कोणी नसतं. स्फटिक आले की तड्याला वाट बदलावी लागते आणि त्यात त्याचा जोर खर्च होतो. या पदार्थाला 'ग्लास सिरॅमिक' म्हणतात. त्यापासून पुढे स्वयंपाकाची भांडी बनली. हा तुकडा लक्षात ठेवा. तो या गोष्टीत ६८ वर्षांनी परत येणार आहे.

कॉर्निंगने १९६०च्या दशकात काच मजबूत करण्याचा दुसरा रस्ता शोधला, आणि आपल्या खिशातली काच आली ती याच रस्त्याने. सोडियम असलेली काच सुमारे ४०० अंशांवर वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून ठेवायची. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे येऊन बसतात. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठा असतो. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा येऊन बसला की सगळे एकमेकांना दाबून धरतात, तसं काचेचं बाहेरचं कातडं कायमचं दाबाखाली राहतं. तडा पडायचा असेल तर काच त्या जागी ओढली जावी लागते. इथे ओढणाऱ्या ताकदीला आधी तो दाब संपवावा लागतो, मगच तडा उघडतो.

या काचेला तेव्हा 'केमकॉर' असं नाव होतं. काच उत्तम होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. मोटारींच्या काचांसाठी ती देऊ केली, तर कंपन्यांनी स्वस्त असलेली, दोन थरांमध्ये प्लॅस्टिक घातलेली काचच पसंत केली. १९७१च्या सुमारास कॉर्निंगने हा प्रकल्प गुंडाळून ठेवला.

किल्ल्यांचे ओरखडे

९ जानेवारी २००७ला स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन जगाला दाखवला, तेव्हा त्याचा चेहरा प्लॅस्टिकचा होता. तोपर्यंत फोनची स्क्रीन प्लॅस्टिकची असणं हेच नेहमीचं होतं. प्लॅस्टिक पडून फुटत नाही, पण खिशातल्या किल्ल्यांनी त्यावर ओरखडे पडतात. जॉब्ज यांना ते खपणारं नव्हतं. त्यांनी कॉर्निंगचे प्रमुख वेंडेल वीक्स यांच्याकडे काच मागितली. जुनं संशोधन कपाटातून बाहेर आलं, केंटकी राज्यातल्या हॅरड्सबर्गच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं, आणि २९ जूनला आयफोन विक्रीला आला तो काचेचा चेहरा घेऊन. बाजारात या काचेचं नाव झालं गोरिला ग्लास.

इथे एक बारकावा सुटून जातो. फोनवर काच आली ती ओरखड्यांवर उपाय म्हणून. पडणं हा तेव्हा मुद्दा नव्हता. प्लॅस्टिकला ओरखडे पडत होते पण ते फुटत नव्हतं. काचेला ओरखडे कमी पडू लागले आणि ती फुटू लागली. एका दुखण्यावर औषध घेतलं आणि दुसरं दुखणं मागे लागलं. त्यानंतर गोरिला ग्लासच्या जितक्या पिढ्या आल्या, त्यांचा बराचसा इतिहास हे दुसरं दुखणं आवरण्याचा आहे.

पिढ्या नेमकं काय बदलतात

२०१२मध्ये दुसरी पिढी आली. तिचा दावा होता की काच तेवढीच मजबूत, पण वीस टक्के पातळ. म्हणजे जी ताकद वाढली, ती फोन सडपातळ करण्यात खर्च झाली. आपल्या वाट्याला जास्तीची मजबुती आलीच नाही. २०१३च्या तिसऱ्या पिढीने ओरखड्यांकडे लक्ष दिलं. पडण्याचा प्रश्न उघडपणे हातात घेतला तो २०१४च्या चौथ्या पिढीने. फुटलेले फोन गोळा करून तपासल्यावर कॉर्निंगच्या लोकांना दिसलं की काच फोडण्यात खडबडीत जमिनीचा मोठा हात आहे. म्हणून त्यांनी फोन सँडपेपरवर पाडून बघायला सुरुवात केली. चौथ्या पिढीचा दावा एक मीटरवरून पडल्यावर ८० टक्के वेळा वाचण्याचा होता. २०१६च्या पाचव्या पिढीचा १.६ मीटरचा. २०२०मध्ये आलेल्या व्हिक्टसचा दोन मीटरचा, आणि २०२२च्या व्हिक्टस २चा काँक्रीटसारख्या पृष्ठभागावर एक मीटरचा.

खडबडीत जमिनीने एवढा फरक का पडतो? काचेचं दाबाखालचं कातडं फार पातळ असतं. सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये ते चाळीस-पन्नास मायक्रॉन होतं, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सपाट फरशीवर फोन तोंडावर पडला तर हे कातडं पुरतं. पण डांबरी रस्त्यावरच्या खडीचं एखादं टोक पन्नास मायक्रॉन सहज आत घुसतं. काचेच्या पोटात मात्र उलटा प्रकार असतो. बाहेरच्या दाबाचा तोल सांभाळायला आतला भाग ताणाखाली असतो. टोक तिथपर्यंत पोहोचलं की तो ताण स्वतःच तडा पुढे ओढत नेतो.

म्हणून पुढच्या पिढ्यांनी कातडं जाड केलं. काचेत सोडियमबरोबर लिथियम घातलं, जे आणखी लहान असतं. लहान आयन काचेत लवकर सरकतात, त्यामुळे दाब शंभर मायक्रॉनच्याही पुढे नेता आला. पण यालाही मर्यादा आहे. दाब जितका खोल आणि जितका जास्त, तितका पोटातला ताणही जास्त. तो एका हद्दीपलीकडे गेला तर काच फुटताना तिचे बारीक तुकडे होऊन उडतात. दाब किती आणि किती खोल, याचा तोल साधणं हेच प्रत्येक नव्या पिढीचं खरं काम असतं.

आता त्या दाव्यांकडे परत बघा. एक मीटर, दीड मीटर, दोन मीटर. या चाचण्या काच बनवणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतल्या आहेत, आणि पाचव्या पिढीच्या दाव्यात तर स्पष्टच लिहिलं होतं की फोन तोंडावर पडलेला असेल तर. माझा फोन तोंडावर पडला नव्हता. तो कडेवर पडला होता.

कडा

काच कितीही मजबूत असली तरी तिची ताकद ठरते तिच्यातल्या सगळ्यात वाईट चिरेवरून. ॲलन ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याने १९२१मध्ये हे गणितात बसवून दाखवलं. मोठ्या काचेतून फोनच्या आकाराचा तुकडा कापतात, कडा घासतात, स्पीकर किंवा बटणासाठी भोकं पाडतात, तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म चिरा कडांवरच राहतात. पॉलिश करून आणि क्षारात बुडवून त्या कमी करता येतात, पण पूर्ण जात नाहीत. शिवाय फोन पडला की तो क्षणभर वाकतो, आणि हे वाकणं कडेला जाऊन भिडतं. त्यामुळे फोन बनवणाऱ्याचं पहिलं काम असायला हवं ते कडा लपवण्याचं. चौकट काचेच्या किंचित वर ठेवायची, म्हणजे जमीन आधी धातूला लागते.

२०१४ ते २०१७ या काळात महागड्या फोनांनी नेमकं उलट केलं. सप्टेंबर २०१४मध्ये सॅमसंगने गॅलक्सी नोट एज आणला, ज्याची एक बाजू वळलेली होती. २०१५च्या एस६ एजमध्ये दोन्ही बाजू वळल्या. २०१७मध्ये एस८ आला तेव्हा सपाट काचेचा पर्यायच उरला नव्हता. पाठोपाठ बऱ्याच चिनी कंपन्यांनी तोच रस्ता धरला.

वळलेली काच बनवण्यासाठी सपाट तुकडा साच्यात घालून मऊ होईपर्यंत तापवतात आणि वाकवतात, मग क्षारात बुडवतात. अशा फोनच्या बाजूने बघा. मधली धातूची पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची उरलेली असते, आणि तिच्या वर लगेच काच सुरू होते. सपाट फोन आडवा पडला की त्याची चौकट मार खाते. कर्व्ह्ड फोन जरासा तिरका होऊन आडवा पडला की जमिनीला पहिल्यांदा काचच लागते, आणि तीही तिच्या कडेजवळ. काचेची पिढी नवी असूनही माझ्या फोनचं हेच झालं.

फुटलेला फोन कसा पडला असेल, हे तुम्हालाही ओळखता येतं. काचेत एका जागी पिठासारखा चुरा आणि तिथून चारही बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले, तर तिथे खडा किंवा काहीतरी टोकदार लागलेलं आहे. चुरा काचेच्या मधोमध नसून कडेलाच किंवा कोपऱ्यात असेल आणि तिथून एक-दोन लांब, वळणदार रेघा निघाल्या असतील, तर मार कडेने खाल्लेला आहे. दुकानदार नख फिरवून हेच बघत होता. तडा नखाला लागला तर खरी काच गेली. नाही लागला तर कधीकधी नुसती वरची टेम्पर्ड गार्ड गेलेली असते आणि माणूस उगाच घाबरलेला असतो.

टेम्पर्ड गार्डचा उपयोग आहे तो यामुळेच. खड्याचं टोक आणि रोजच्या वाळूचे ओरखडे ती स्वतःवर घेते. पण सपाट गार्ड वळलेल्या काचेवर नीट बसत नाही. एकतर ती कडा उघड्या सोडते, म्हणजे जिथे गरज असते तिथेच नसते, नाहीतर यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारा पातळ गोंद ओतून ती बसवावी लागते, आणि तो गोंद कधीकधी स्पीकरच्या जाळीत आणि बटणांत शिरतो.

मार कोणी खाल्ला?

आता चौकटीकडे येऊ. बाबांना मी माझ्या फोनचा फोटो पाठवला होता. त्यांनी विचारलं, "पत्रा चेपलाय का?" मी म्हणालो, नाही, फ्रेमला ओरखडासुद्धा नाही. "मग मार काचेने खाल्ला. पत्रा चेपला असता तर काच वाचली असती कदाचित."

वर्कशॉपमधलं हे शहाणपण साध्या आकड्यांत बसतं. १९० ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला की जमिनीशी पोहोचताना त्याच्यात सुमारे १.९ ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. फोन किती अंतरात थांबतो त्यावर जोर ठरतो. कोपरा अर्धा मिलिमीटर दबून फोन थांबला, तर सरासरी जोर येतो सुमारे ३,७०० न्यूटन, म्हणजे जवळपास ३८० किलो वजन त्या कोपऱ्यावर ठेवल्यासारखं. तेच मऊ कव्हर आणि लवचीक बॉडी मिळून तीन मिलिमीटर दबले, तर जोर सहाव्या हिश्श्यावर येतो, साधारण ६३ किलोंवर. प्रत्यक्षात फोन उसळतो, फिरतो, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर आहे. वीस-तीस सेकंदांत संपणाऱ्या जाहिरातीपेक्षा दोनशे रुपयांचं फुगीर कोपऱ्यांचं कव्हर या हिशेबात जास्त काम करतं.

या दृष्टीने प्रत्येक चौकटीचा स्वभाव वेगळा आहे. पॉलिकार्बोनेट, म्हणजे फोनचं चांगलं प्लॅस्टिक, दबतं आणि परत जागेवर येतं. दिसायला स्वस्त वाटतं, पण मार पचवतं. ॲल्युमिनियम चेपतं आणि चेपलेलंच राहतं. ती चेपही ऊर्जा खातेच, पण दुरुस्तीच्या वेळी तिचा त्रास होतो. चेपलेला कोपरा आत आलेला असतो. तो सरळ न करता नवी काच बसवली तर काच त्या जागी दाबली जाते, आणि काही दिवसांत, फोन न पडताही, तिथूनच तडा जातो. 'नवीन डिस्प्ले आपोआप फुटला' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ आणि तिप्पट जड. ते सहज चेपत नाही, त्यामुळे दिसतं छान, पण धक्का आत पोहोचवतं आणि फोनचं वजनही वाढवतं. टायटॅनियम या दोघांच्या मधे बसतं.

वजनाचा मुद्दा किरकोळ नाही. २००७चा आयफोन १३५ ग्रॅमचा होता. २०२२चा आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा. त्याच उंचीवरून पडताना दुसऱ्यात पावणेदोन पटींहून जास्त ऊर्जा असते. काचेची प्रत्येक नवी पिढी जे कमावते, त्यातला काही भाग फोनच्या वाढलेल्या वजनाची आणि आकाराची भरपाई करण्यातच जातो.

बिल

इथवर फुटण्याचा हिशेब झाला. सोळा हजारांचा हिशेब अजून बाकी आहे, आणि त्यात काचेचा वाटा फार थोडा आहे.

बाबांच्या फोनमध्ये साधा एलसीडी पॅनल होता. हा पॅनल स्वतःच काचेच्या दोन पातळ पाट्यांचा असतो. त्याचा कॉम्बो स्वस्त मिळतो, आणि नुसती वरची काच गेली असेल तर तीही बदलता येते. दुकानदार फोनचा डिस्प्ले साधारण ८० अंशांच्या गरम पाटीवर ठेवतो. वरची काच आणि पॅनल यांच्यामध्ये चिकट पारदर्शक थर असतो, त्याला दुकानात 'ओसीए' म्हणतात. तो मऊ झाला की केसासारखी बारीक धातूची तार त्यातून ओढत नेतात आणि काच सुटी होते. जुना गोंद पुसायचा, नवा ओसीए लावायचा, नवी काच हवा काढून घेणाऱ्या मशीनमध्ये दाबून बसवायची, मग बुडबुडे घालवायला दाबाच्या टाकीत ठेवायची. पॅनल काचेचा आणि सपाट असल्यामुळे तार सरळ जाते आणि काही बिघडत नाही.

वळणाऱ्या स्क्रीनला एलसीडी चालत नाही, कारण तो वळत नाही. त्यासाठी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर बनवलेला ओलेड पॅनल लागतो. आता काचेखाली काच नसून पापुद्रा आहे, आणि तोही कडेला वाकलेला. सरळ तार वळणावर अडते. जरा जोर लागला की पापुद्रा फाटतो आणि स्क्रीनवर काळा डाग किंवा उभी हिरवी रेघ येते. हे काम करणारे कारागीर फोन उणे शंभर अंशांच्या खाली गोठवून गोंद ठिसूळ करतात आणि मग काच सोलतात. प्रत्येक मॉडेलच्या वळणासाठी वेगळा साचा लागतो. इतकं करून यश मिळेलच असं नाही. म्हणून बहुतेक दुकानं काचेच्या तड्यासाठी पूर्ण चालू असलेला पॅनल, चौकटीसकट, फेकून देतात. माझ्या फोनचा पॅनल शेवटपर्यंत अगदी ठणठणीत होता. बदलायची होती ती फक्त काच, आणि बिल होतं पॅनलचं.

हे फक्त वळणामुळे होतं असं मात्र नाही. २०१७मध्ये अमेरिकेत ॲपलचा अधिकृत दर आयफोन ८च्या स्क्रीनसाठी १४९ डॉलर होता आणि आयफोन एक्ससाठी २७९ डॉलर. दोन्हींची काच समोरून सपाट होती. मोठा फरक आत होता, एकात एलसीडी आणि दुसऱ्यात ओलेड. त्याच वर्षी वायरलेस चार्जिंगसाठी दोन्हींची पाठही काचेची झाली होती, आणि आयफोन एक्सच्या पाठीसह इतर मोडतोडीचा दर होता ५४९ डॉलर. कारण पाठीची काच चौकटीला कायमची चिकटवलेली होती. ती बदलायची तर जवळजवळ सगळा फोनच बदलावा लागे.

ही किंमत काचेची नसून जोडणीची आहे, याचा पुरावा २०२२मध्ये मिळाला. आयफोन १४च्या आतली रचना बदलून पाठीची काच बाहेरून उघडता येईल अशी केली गेली. त्याच वर्षीच्या १४ प्रोमध्ये जुनीच रचना राहिली. पाठीची काच बदलण्याचा दर १४साठी १६९ डॉलर, १४ प्रोसाठी ४९९. काचेची कंपनी तीच, वर्षही तेच. फरक होता तो ती काच कशाला आणि कशी चिकटवली आहे, एवढाच.

परत सपाट

२०२०च्या ऑक्टोबरात आयफोन १२ आला. त्याच्या बाजू सरळ आणि काच चौकटीच्या पातळीत सपाट होती. वरच्या काचेचं नाव होतं सिरॅमिक शील्ड. काचेत अतिसूक्ष्म स्फटिक वाढवून ती आणखी टणक केलेली, बनवणारी कंपनी कॉर्निंग. स्टूकी यांच्या बिघडलेल्या भट्टीतली कल्पना ६८ वर्षांनी फोनवर आली. तेव्हाची पाटी दुधी होती. आताचे स्फटिक इतके बारीक ठेवले होते की प्रकाश त्यांच्यातून न अडता जातो. पडल्यावर वाचण्याची शक्यता चौपट, असा ॲपलचा दावा होता. त्यात किती श्रेय स्फटिकांचं आणि किती सपाट कडेचं, हे त्या आकड्यात वेगळं केलेलं नाही. २०२४मध्ये सॅमसंगच्या एस२४ अल्ट्रानेही वळलेली काच सोडून सपाट काच घेतली.

मात्र सपाट झाल्याने बिल आपोआप उतरलं नाही. आजच्या महागड्या सपाट फोनांतही ओलेडचा तोच पापुद्रा असतो. काच वाचण्याची शक्यता वाढली, कडेपर्यंत गार्ड बसू लागली, तार सरळ जाऊ लागली. पण पॅनलच गेला तर किंमत पॅनलचीच.

मी तो फोन दुरुस्त केला नाही. चार हप्ते भरले, तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून सहा महिने वापरला, आणि अंगठ्यात दोनदा कूस गेल्यावर विकून टाकला. साडेपाच हजार आले. त्यानंतरचा फोन घेताना मी प्रोसेसर आणि कॅमेरा बघण्याआधी बुधवार पेठेतल्या त्याच दुकानात गेलो आणि तीन मॉडेलांची नावं सांगून विचारलं, याचा डिस्प्ले केवढ्याला, नुसती काच बदलता का, आणि चौकट सुटी मिळते का. दुकानदार हसला. म्हणाला, "दादा, लोक फोन फुटल्यावर हे विचारायला येतात."

शेवटी सपाट काच आणि प्लॅस्टिकच्या चौकटीचा फोन घेतला. चार वर्षांत तो बऱ्याच वेळा पडला. एकदा वरची काच गेली, २,२०० रुपयांत नुसती काच बदलून मिळाली. खालचा डावा कोपरा आता पांढुरका झालाय आणि थोडा खरवडलाय. बाबा घरी आले की तो कोपरा अंगठ्याने चाचपून बघतात.